उत्पादन-मिश्रणाचं गणित आलेखाने सोडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्वांटिटेटिव्ह टेक्निक्सच्या पेपरची तयारी करणारे विद्यार्थी लिनियर प्रोग्रॅमिंगच्या ग्राफिकल पद्धतीबद्दल पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर दिली आहेत, त्यामुळे आधी ते नीट वाचा.

बॅगा शिवणारं एक छोटं युनिट दप्तरं आणि ट्रॅव्हल बॅगा बनवतं. एका दप्तराला कटिंगची १० मिनिटं आणि शिलाईची ३० मिनिटं लागतात. एका ट्रॅव्हल बॅगेला कटिंगची २० आणि शिलाईची ३० मिनिटं लागतात. आठवड्याला कटिंगचे ४० तास आणि शिलाईचे ८० तास मिळतात. ट्रॅव्हल बॅगेची मोठी चेन पुरवठादाराकडून आठवड्याला १०० नगांपेक्षा जास्त मिळत नाही, आणि प्रत्येक बॅगेला एक चेन लागते. दप्तर ४५० रुपयांना विकलं जातं, त्याचा बदलता खर्च ३९० रुपये. ट्रॅव्हल बॅग ९०० ला विकली जाते, तिचा बदलता खर्च ८०० रुपये. भाडं आणि कारागिरांचे ठरलेले पगार धरून आठवड्याचा स्थिर खर्च ६,४०० रुपये आहे. जास्तीत जास्त नफ्यासाठी कोणती वस्तू किती बनवावी?

१. ट्रॅव्हल बॅगेवर १०० रुपये सुटतात आणि दप्तरावर ६०. मग आधी बॅगा बनवून उरलेल्या वेळात दप्तरं केली की झालं ना? आलेख कशाला?

करून बघा. १०० बॅगांना कटिंगची २,००० मिनिटं जातात. एकूण २,४०० पैकी ४०० उरतात, त्यात ४० दप्तरं होतात. मिळकत १०,००० + २,४०० = १२,४०० रुपये. वाईट नाही, पण हे सर्वोत्तम उत्तर नाही. सर्वोत्तम १२,८०० आहे, ते प्रश्न ५ मध्ये निघेल.

असं का होतं, हे कळलं की प्रकरणाचा गाभा कळतो. नगामागे किती सुटतात यापेक्षा अपुऱ्या साधनाच्या एका मिनिटामागे किती सुटतात हे महत्त्वाचं. कटिंगच्या मिनिटामागे दप्तर ६ रुपये देतं आणि बॅग ५, म्हणजे दप्तर पुढे. शिलाईच्या मिनिटामागे दप्तर २ रुपये देतं आणि बॅग ३.३३, म्हणजे बॅग पुढे. अपुरं साधन एकच असतं तर कॉस्टिंगमध्ये शिकलेली क्रमवारीची पद्धत पुरली असती. इथे दोन साधनं दोन उलटे क्रम सांगतात, म्हणून दोन्ही एकदम विचारात घेणारी पद्धत लागते.

२. x आणि y काय मानायचं, आणि अटी कशा लिहायच्या?

जे ठरवायचं आहे तेच चल. x = आठवड्याला बनवायची दप्तरं, y = आठवड्याला बनवायच्या ट्रॅव्हल बॅगा. हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहाच, कालावधीसकट. नुसतं ‘x म्हणजे दप्तर’ लिहिणं अपुरं आहे, कारण चल ही संख्या असते.

आता एकेक साधन घ्या. मोठा धोका एककांचा आहे: लागणारा वेळ मिनिटांत दिला आहे आणि उपलब्ध वेळ तासांत. ४० तास म्हणजे २,४०० मिनिटं, ८० तास म्हणजे ४,८०० मिनिटं.

कटिंग: १०x + २०y ≤ २४००, म्हणजे x + २y ≤ २४०

शिलाई: ३०x + ३०y ≤ ४८००, म्हणजे x + y ≤ १६०

चेन: y ≤ १००

आणि x ≥ ०, y ≥ ०

शेवटची ओळ बरेच जण गाळतात. ती नसेल तर आलेख पहिल्या चरणात काढायला आधारच राहत नाही.

कमाल करायचं फल: Z = ६०x + १००y.

३. Z मध्ये नफा घ्यायचा की काँट्रिब्युशन? स्थिर खर्चाचं काय करायचं?

काँट्रिब्युशन, म्हणजे विक्री किंमत वजा बदलता खर्च. स्थिर खर्च तुम्ही काहीही बनवलंत तरी तेवढाच राहतो, म्हणून तो शेवटी एकदाच वजा करायचा.

हा आग्रह कशासाठी, ते बघा. समजा कोणी स्थिर खर्च नगांवर वाटला: दप्तरामागे २० आणि बॅगेमागे ६० रुपये. मग दोन्हींचा ‘नफा’ ४० रुपये दिसतो. या आकड्यांनी ८० दप्तरं आणि ८० बॅगा ही योजना ६,४०० देते, आणि नुसती १६० दप्तरं ही योजनाही ६,४०० देते. दोन्ही सारख्याच वाटतात. प्रत्यक्षात पहिलीचं काँट्रिब्युशन १२,८०० म्हणून खरा नफा ६,४००, तर दुसरीचं ९,६०० म्हणून खरा नफा फक्त ३,२००. खर्च वाटल्यामुळे रेषेचा उतारच बदलला आणि निर्णय बिघडला.

पेपरात नगामागचा स्थिर खर्च मुद्दाम देऊन ‘नफा’ सांगितला असेल, तर तो खर्च परत मिळवून काँट्रिब्युशन काढा. गणितात फक्त ‘नगामागे नफा’ एवढाच आकडा असेल आणि खर्चाची फोड नसेल, तर तोच वापरा.

४. आलेख नेमका कसा काढायचा? प्रमाण कसं ठरवायचं?

प्रत्येक असमानता आधी समीकरण म्हणून घ्या आणि ती दोन्ही अक्षांना कुठे छेदते ते काढा. कटिंगची रेषा (२४०, ०) आणि (०, १२०) मधून जाते. शिलाईची रेषा (१६०, ०) आणि (०, १६०) मधून. चेनची रेषा y = १०० ही x-अक्षाला समांतर.

सगळ्यात मोठा छेद x-अक्षावर २४० आणि y-अक्षावर १६० आहे. १ सेंमी = २० नग घेतलं तर आलेख १२ × ८ सेंमीत बसतो. प्रमाण वरच्या उजव्या कोपऱ्यात लिहा आणि प्रत्येक रेषेवर तिचं समीकरण लिहा.

कोणती बाजू घ्यायची ते (०, ०) टाकून तपासा. ० + ० ≤ २४० खरं आहे, म्हणून कटिंगच्या रेषेची आरंभबिंदूकडची बाजू. इथे तिन्ही अटींना तेच लागू होतं. प्रत्येक रेषेवर आत दाखवणारे छोटे बाण काढा आणि तिन्ही अटी एकदम पाळणारा भागच फक्त छायांकित करा. प्रत्येक अटीचा भाग वेगळा रंगवला की शेवटी नेमका कोणता भाग घ्यायचा, ते तुम्हालाही दिसत नाही आणि तपासणाऱ्यालाही.

५. कोपरे कोणते घ्यायचे? मला १३,६०० उत्तर आलं, ते चूक कसं?

सगळ्यात जास्त गुण इथे जातात, म्हणून जरा सविस्तर.

तीन रेषा आणि दोन अक्ष एकमेकांना बऱ्याच ठिकाणी छेदतात, पण प्रत्येक छेदबिंदू योग्य क्षेत्राचा कोपरा नसतो. y = १०० आणि x + y = १६० या रेषा (६०, १००) वर भेटतात. तिथे Z = ३,६०० + १०,००० = १३,६००. आकडा मोह पाडणारा आहे, पण कटिंग तपासा: ६० + २(१००) = २६०, आणि उपलब्ध २४०. या योजनेला कटिंगची २०० मिनिटं कमी पडतात. तसाच (२४०, ०) हा बिंदू १४,४०० देतो, पण त्याला शिलाईची २४० एककं लागतात आणि आपल्याकडे १६० आहेत.

म्हणून छेदबिंदू काढला की तो उरलेल्या प्रत्येक अटीत टाकून पाहा. एक जरी मोडली तरी बिंदू बाद.

कटिंग आणि शिलाईच्या रेषांचा छेद आलेखावरून वाचू नका, समीकरणं सोडवा. x + २y = २४० मधून x + y = १६० वजा केलं की y = ८०, म्हणून x = ८०. चेन तपासा: ८० ≤ १००, ठीक. कटिंग आणि चेन: x + २०० = २४०, x = ४०. शिलाई तपासा: १४० ≤ १६०, ठीक.

| कोपरा | Z = ६०x + १००y |
|---|---|
| (०, ०) | ० |
| (१६०, ०) | ९,६०० |
| (८०, ८०) | १२,८०० |
| (४०, १००) | १२,४०० |
| (०, १००) | १०,००० |

उत्तर: आठवड्याला ८० दप्तरं आणि ८० ट्रॅव्हल बॅगा, काँट्रिब्युशन १२,८०० रुपये, स्थिर खर्च वजा जाता नफा ६,४०० रुपये. शेवटी हे असं वाक्यात लिहा. प्रश्न ‘किती बनवावे’ असा आहे, त्यामुळे नुसतं Z = १२,८०० लिहून उत्तर पूर्ण होत नाही.

६. उत्तर कोपऱ्यातच का मिळतं? आयसो-प्रॉफिट रेषा काढायला सांगितली तर?

६०x + १००y = ६,००० ही रेषा घ्या. ती (१००, ०) आणि (०, ६०) मधून जाते. या रेषेवरच्या प्रत्येक योजनेतून ६,००० रुपयेच मिळतात. तिला समांतर ठेवून बाहेर सरकवत नेलं की Z वाढत जातो. रेषा योग्य क्षेत्र सोडून पूर्ण बाहेर जाण्याआधी ज्या बिंदूला शेवटचा स्पर्श करते, तोच सर्वोत्तम. क्षेत्राच्या कडा सरळ आहेत, त्यामुळे हा शेवटचा स्पर्श एका कोपऱ्याला होतो, किंवा रेषा एखाद्या कडेला समांतर असेल तर त्या पूर्ण कडेला (प्रश्न ९).

इथे Z च्या रेषेचा उतार, चिन्ह सोडून, ०.६ आहे. कटिंगच्या रेषेचा ०.५ आणि शिलाईच्या रेषेचा १. ०.६ या दोघांच्या मधे पडतो, म्हणून त्या दोन रेषा जिथे भेटतात तोच कोपरा जिंकतो. परीक्षेत उत्तर पडताळून पाहायला ही दहा सेकंदांची तपासणी फार उपयोगी आहे. यावरून आणखी एक गोष्ट हाती येते: बॅगेचं काँट्रिब्युशन १०० असताना दप्तराचं ५० ते १०० च्या मधे कुठेही असलं तरी योजना ८०-८० हीच राहते. बदलतो तो Z.

७. उत्तरात चेनची अट वापरलीच गेली नाही. मग ती अनावश्यक होती का?

नाही. ८० बॅगांना ८० चेन लागल्या, २० उरल्या. या उरलेल्या साठ्याला स्लॅक म्हणतात. पण चेनची रेषा क्षेत्राची एक कड बनवते आणि (४०, १००), (०, १००) हे दोन कोपरे तिच्यामुळेच आले.

अनावश्यक अट म्हणजे जी काढून टाकली तरी क्षेत्र जसंच्या तसं राहतं. समजा ‘दप्तराची बक्कलं फक्त १८० दप्तरांपुरती आहेत’ असं दिलं, तर x ≤ १८०. शिलाईमुळे x कधी १६० च्या वर जातच नाही, म्हणून ही रेषा क्षेत्राला कुठेही शिवत नाही. तरीही ती आलेखावर काढा आणि शेजारी ‘अनावश्यक’ असं लिहा.

८. ‘निदान इतके’ किंवा ‘दुप्पट’ अशा अटी आल्या की गोंधळ होतो. त्या कशा मांडायच्या?

समजा एका शाळेला आठवड्याला किमान १०० दप्तरं द्यायचा करार आहे. मग x ≥ १००. आता (०, ०) ही अट पाळत नाही, त्यामुळे आरंभबिंदू क्षेत्राबाहेर जातो. सवयीने त्याला कोपरा धरू नका. नवं क्षेत्र (१००, ०), (१६०, ०), (१००, ६०) असा त्रिकोण आहे. (१००, ६०) वर Z = १२,०००, हेच नवं उत्तर. करारामुळे काँट्रिब्युशन ८०० रुपयांनी घटलं.

‘दप्तरं बॅगांच्या निदान दुप्पट हवीत’ म्हणजे x ≥ २y. घाईत इथे २x ≥ y लिहिलं जातं. खात्रीसाठी एक जोडी मनात धरा: १० बॅगा असतील तर दप्तरं किमान २० हवीत. (२०, १०) टाकल्यावर बरोबरी आली पाहिजे: २० = २ × १०. ही रेषा आरंभबिंदूतूनच जाते, म्हणून बाजू ठरवायला (०, ०) चालत नाही. (१०, ०) घ्या: १० ≥ ० खरं, म्हणून x-अक्षाकडची बाजू.

९. दोन कोपऱ्यांवर Z सारखाच आला. माझं काही चुकलं का?

गरजेचं नाही. बॅगेचं काँट्रिब्युशन १२० असतं तर (८०, ८०) वर ४,८०० + ९,६०० = १४,४००, आणि (४०, १००) वर २,४०० + १२,००० = १४,४००. Z चा उतार कटिंगच्या रेषेइतकाच झाला. अशा वेळी या दोन बिंदूंना जोडणाऱ्या कडेवरचा प्रत्येक बिंदू सर्वोत्तम असतो, उदाहरणार्थ (६०, ९०). उत्तरात दोन्ही कोपरे द्या आणि ‘अनेक सर्वोत्तम उत्तरं’ असं स्पष्ट लिहा. मात्र समान Z चे दोन कोपरे शेजारचे नसतील आणि Z सर्वोच्च असेल, तर आकडेमोड पुन्हा तपासा.

१०. क्षेत्रच तयार झालं नाही, किंवा ते एका बाजूने उघडं राहिलं, तर?

करार १७० दप्तरांचा असता तर x ≥ १७० आणि x + y ≤ १६० दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. सामाईक भाग नाही, म्हणून उत्तर नाही. आलेख काढून कोणत्या दोन अटी भिडतात ते लिहा.

क्षेत्र उघडं राहिलं आणि Z कितीही वाढवता येत असेल, तर उत्तर अमर्याद. उत्पादन-मिश्रणात हे जवळपास कधीच खरं नसतं, कारण साधनं मर्यादित असतात. असं दिसलं की आधी एखाद्या ≤ च्या जागी ≥ लिहिलं गेलं आहे का ते बघा.

११. उत्तर अपूर्णांकात आलं तर खाली उतरवून पूर्णांक घ्यायचा का?

नेहमी नाही. शिलाई ४,८१५ मिनिटं असती तर x + y ≤ १६०.५ झालं असतं. कटिंगशी छेद (८१, ७९.५), Z = १२,८१०. y खाली उतरवून (८१, ७९) घेतलं तर Z = १२,७६०. वर चढवून (८१, ८०) घेतलं तर शिलाई मोडते. पण (८०, ८०) अटींत बसतं आणि १२,८०० देतं, म्हणजे सरळ उतरवलेल्या उत्तरापेक्षा ४० रुपये जास्त.

म्हणून कोपऱ्याच्या आसपासचे पूर्णांक बिंदू घ्या, अटींत बसतात का ते बघा, मग Z ची तुलना करा. प्रश्नात पूर्णांकाची अट नसेल तर ७९.५ असंच लिहिणंही बरोबर आहे. सतत चालणाऱ्या उत्पादनात अर्धी बॅग म्हणजे पुढच्या आठवड्यात पूर्ण होणारा माल.

१२. ‘ओव्हरटाइम द्यावा का?’ असा उपप्रश्न आला तर काय करायचं?

साधन थोडं वाढवून तोच कोपरा पुन्हा काढायचा. कटिंग १० मिनिटांनी वाढवा: x + २y = २४१, x + y = १६०. यातून y = ८१, x = ७९, Z = १२,८४०. १० मिनिटांना ४० रुपये, म्हणजे तासाला २४०. शिलाई ३० मिनिटांनी वाढवा: x + y = १६१, x + २y = २४०. y = ७९, x = ८२, Z = १२,८२०. अर्ध्या तासाला २० रुपये, म्हणजे तासाला ४०. याला शॅडो प्राइस म्हणतात.

नेहमीचे पगार स्थिर खर्चात आहेत, त्यामुळे हे आकडे थेट ओव्हरटाइमच्या दराशी ताडून बघता येतात. दर तासाला १०० रुपये असेल तर कटिंगसाठी द्या, शिलाईसाठी देऊ नका. चेनची शॅडो प्राइस शून्य, कारण २० आधीच पडून आहेत.

पण २४० हा दर कायमचा नाही. कटिंग वाढत गेली की बॅगा वाढतात, दप्तरं घटतात, आणि बॅगा १०० ला पोचल्या की चेन आडवी येते. तेव्हा x = ६०, कटिंग २६० एककं, म्हणजे आधीपेक्षा २०० मिनिटं जास्त. Z = १३,६००. प्रश्न ५ मध्ये बाद केलेला (६०, १००) हा बिंदू आता योग्य ठरला. यानंतर कटिंगचं एक मिनिटही वाढवून उपयोग नाही. परीक्षेत शॅडो प्राइस लिहिताना ही ३ तास २० मिनिटांची मर्यादा सोबत लिहा.

१३. तीन वस्तू असतील तर ग्राफिकल पद्धत चालते का?

कागदावर दोनच अक्ष मिळतात, म्हणून पद्धत दोन चलांपुरती. अटी कितीही असू शकतात. तीन किंवा जास्त वस्तूंसाठी सिम्प्लेक्स वापरायचं. जॉर्ज डँट्झिग यांनी ते १९४७ मध्ये मांडलं, आणि तेही कोपऱ्यावरून शेजारच्या कोपऱ्याकडेच सरकतं: आपल्या उदाहरणात (०, ०) वरून (०, १००), मग (४०, १००), मग (८०, ८०).

तिसऱ्या वस्तूची संख्या प्रश्नातच ठरवून दिली असेल, उदाहरणार्थ ‘आठवड्याला नेमके २० पाउच’, तर त्यांना लागणारा वेळ उपलब्ध वेळेतून आधी वजा करा. उरलेलं गणित पुन्हा दोन चलांचं होतं. पाउचचं काँट्रिब्युशन शेवटी Z मध्ये मिळवायला विसरू नका.